टाचदुखी आणि दहा तासांची उभ्याची नोकरी: बूट व इनसोल कसे निवडावेत

सोलापुरात नवी पेठेतल्या एका कापड दुकानात मी एकोणीस वर्षे काउंटरमागे उभा आहे. सकाळी साडेदहाला शटर वर जाते ते रात्री नऊला खाली येते, आणि मधली जेवणाची अर्धा तासाची सुट्टी सोडली तर बसण्याचा प्रश्न येत नाही, कारण गिऱ्हाईक उभे असताना विक्रेत्याने बसणे आमच्याकडे शोभत नाही. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या गर्दीनंतर माझी उजवी टाच दुखू लागली. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकला की टाचेत खिळा ठोकल्यासारखे होई, मोरीपर्यंत भिंत धरून जावे लागे, आणि दहा मिनिटांनी सगळे ठीक वाटे. डॉक्टरांनी प्लांटार फॅशिआयटिस असे नाव सांगितले आणि ‘चांगले बूट वापरा’ असा सल्ला दिला. चांगले बूट म्हणजे कोणते, हे समजायला मला चार महिने आणि तीन चुकीच्या खरेद्या लागल्या. तो खर्च इतरांचा वाचावा म्हणून हा लेख क्रमाने लिहितो आहे.

१. दुखणे तेच आहे का, हे आधी पाहा

तळपायात टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत एक जाड, चिवट पट्टा असतो. पायाची कमान या पट्ट्याने धनुष्याच्या दोरीसारखी ओढून धरलेली असते. आपण उभे राहतो तेव्हा अंगाचे वजन कमान खाली दाबते आणि पट्टा ताणला जातो, आणि चालताना बोटे मागे वळली की तो आणखी ताणला जातो. आपल्या गावात मागावरचा ताणा सगळ्यांनी पाहिलेला आहे. तो सारखा ओढलेलाच राहिला तर तुटतो तो जिथे बांधलेला असतो तिथे. या पट्ट्याची कुरकुरही तशीच बांधणीच्या जागी, म्हणजे टाचेच्या खाली, आतल्या बाजूला आणि थोडी पुढे सुरू होते.

घरी तपासायचे असेल तर खुर्चीवर बसून दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यावा, एका हाताने अंगठा वर ओढून धरावा आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने वर सांगितलेली जागा दाबावी. नेमकी तिथेच कळ आली, सकाळची पहिली पावले सर्वांत वाईट असतील, थोडे चालल्यावर बरे वाटत असेल आणि दुकान बंद होण्याच्या सुमारास पुन्हा ठणकत असेल, तर हा लेख तुमच्या कामाचा आहे.

काही खुणा मात्र वेगळ्या दुखण्याच्या असतात. टाच दोन्ही बाजूंनी तळहातात धरून दाबल्यावर जास्त दुखत असेल तर हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. आग होणे, मुंग्या येणे हे नसेच्या दाबामुळे होते. टाचेच्या मागे, घोट्याच्या शिरेपाशी दुखत असेल तर तो प्रश्नच निराळा आहे. तरुण वयात दोन्ही टाचा एकदम दुखत असतील आणि सकाळी कंबरही आखडत असेल तर संधिवाताची तपासणी करून घ्यावी लागते. अशा वेळी बुटांच्या दुकानात जाण्याआधी हाडांच्या डॉक्टरांकडे जावे. मधुमेह असून तळपाय बधिर झाले असतील, तर कडक इनसोल स्वतःच्या मनाने मुळीच वापरू नये, कारण तो टोचत असला तरी कळत नाही आणि जखम होऊन बसते.

एक्स-रेमध्ये टाचेचे हाड वाढलेले दिसले म्हणून घाबरण्याचे कारण नाही. असे वाढलेले हाड मुळीच न दुखणाऱ्या पुष्कळ लोकांच्या टाचेतही असते. ते ‘टोचते’ म्हणून मऊ गादी हवी, हा समज बहुतेक चुकीच्या खरेदीच्या मुळाशी असतो, आणि मीही त्याच समजाने पहिली खरेदी केली होती.

२. मऊपणा आणि आधार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

पुढे जे काही सांगणार आहे ते याच एका मुद्द्यावर उभे आहे. मऊपणा म्हणजे टाच जमिनीवर आदळण्याचा धक्का शोषून घेणे. आधार म्हणजे कमान खाली बसू न देणे आणि टाच आत किंवा बाहेर कलू न देणे. दिवसभर चालणाऱ्याला धक्का जास्त बसतो, पण आपण उभे राहणारी माणसे आहोत. आपल्या टाचेवर धक्के थोडे बसतात, मात्र ताण तासन्‌तास राहतो. म्हणून आपल्याला आधाराची गरज जास्त आणि मऊपणाची बेताची.

मला हे समजले ते एका घरगुती प्रयोगातून. काउंटरमागे शहाबादी फरशी आहे, म्हणून मी दुकानातलीच एक फाटकी सोलापुरी चादर चार घड्या घालून पायाखाली अंथरली. पहिला तास स्वर्ग वाटला. दुपारनंतर मात्र टाच रोजच्यापेक्षा जास्त ठणकू लागली, कारण मऊ जागेत टाच रुतत होती, कमान तशीच लोंबत होती आणि तोल सांभाळायला पोटऱ्या सतत काम करत होत्या. शिवाय गुळगुळीत फरशीवर चादर सरकली आणि मी साड्यांच्या गठ्ठ्यासकट खाली बसलो, ते वेगळेच.

मेमरी फोमचे बूट, अंगठ्याने दाबला की खोल जाणारा सोल, ‘ढगावर चालल्यासारखे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या चपला, यांचे सगळ्यांचे असेच होते. दुकानात दोन मिनिटे घालून पाहिल्यावर त्या सर्वांत छान वाटतात, पण आपल्याला बूट हवा आहे तो दहाव्या तासाचा.

३. खरेदीला जाताना काय न्यावे

संध्याकाळी, निदान सहा-सात तास उभे राहून झाल्यावर जावे, कारण तोवर पाय थोडा सुजलेला असतो आणि सकाळी बरोबर बसलेला बूट रात्री आवळतो. सोबत एवढ्या वस्तू असाव्यात:

- कामावर घालता तेच मोजे. पातळ मोज्यांवर माप घेऊन जाड मोज्यांवर बूट घातला की पुढची बोटे चिरडतात.
- सध्याचे झिजलेले बूट किंवा चप्पल. सोल कुठे झिजला आहे यावरून टाच कोणत्या बाजूला कलते ते दिसते.
- इनसोल आधीच घेतला असेल तर तो. त्याच्याशिवाय बूट घालून पाहण्यात अर्थ नाही.
- डॉक्टरांची चिठ्ठी, तिच्यात इनसोलबद्दल काही लिहिले असेल तर.

आदल्या रात्री आणखी एक काम करून ठेवावे. पाय ओला करून कोरड्या शहाबादी फरशीवर टेकवावा आणि उमटलेला ठसा पाहावा. मधला भाग पूर्ण भरलेला असेल तर कमान खाली बसणारी आहे, टाच आणि चवडा यांना जोडणारी पट्टी अगदी बारीक असेल तर कमान उंच आहे. ही काही रोगाची तपासणी नव्हे, पण इनसोलची उंची निवडताना उपयोगी पडते.

४. बूट हातात घेऊन करायच्या चार तपासण्या

विक्रेता बोलत असतो तेव्हा आपले हात मोकळे असतात. मी स्वतः विक्रेता असल्यामुळे सांगतो, गिऱ्हाईक मालाला हात लावून बघू लागले की विक्रेता आपोआप कमी बोलतो.

पहिली तपासणी टाचेमागच्या भिंतीची. बुटाचा मागचा भाग, जिथे टाच बसते, तो अंगठा आणि बोट यांच्यामध्ये धरून दाबावा. तो सहज चेपला गेला तर बूट बाजूला ठेवावा. ही भिंत घट्ट असली तरच टाच सरळ राहते आणि टाचेखालची नैसर्गिक चरबी पसरून पातळ होत नाही.

दुसरी तपासणी वाकण्याची. बुटाचे टोक आणि टाच दोन हातांत धरून वाकवावा. बूट बोटांच्या मुळापाशी वाकला पाहिजे, म्हणजे आपला पाय जिथे वाकतो तिथे. तो मधोमध, कमानीखाली घडी पडल्यासारखा वाकला तर पट्ट्यावरचा सगळा भार पायावरच येणार हे समजावे. माझी पहिली चुकीची खरेदी हीच होती. नावाजलेला, हलका, गुंडाळून खिशात ठेवता येईल असा बूट मी कौतुकाने घेतला, आणि तीन आठवड्यांत सकाळची कळ वाढली.

तिसरी तपासणी पिळण्याची. ओले फडके पिळतो तसा बूट पिळून पाहावा. थोडा वळला तर चालेल, पण फडक्यासारखा पिळला जाऊ नये.

चौथी तपासणी उंचीची. बुटाची टाच चवड्यापेक्षा साधारण एक सेंटिमीटर उंच असावी. अगदी सपाट चप्पल पोटरीची शीर ओढते, ती शीर टाचेच्या हाडाला ओढते आणि तळव्याच्या पट्ट्यावर ताण वाढतो. उलट दोन-तीन इंची टाचेच्या सँडलमध्ये भार चवड्यावर जातो आणि पोटरी कायमची आखूड होऊ लागते. साडी विभागात काम करणाऱ्या आमच्या भगिनींना हे मुद्दाम सांगतो, कारण त्यांच्याकडे एक तर सपाट कोल्हापुरी असते नाहीतर उंच सँडल, मधले काही नसते.

चारही तपासण्यांत बूट टिकला तर शेवटी आतली गादी ओढून बाहेर निघते का ते पाहावे. निघत नसेल, चिकटवलेली असेल, तर बूट कितीही चांगला असो, घेऊ नये, कारण इनसोल घालायला जागाच उरणार नाही. गादी निघाली की ती फरशीवर ठेवून तिच्यावर मोज्यांसकट उभे राहावे. सर्वांत लांब बोटाच्या पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा शिल्लक राहिली पाहिजे आणि पाय बाजूंनी गादीच्या बाहेर सांडता कामा नये. आकडा सात की आठ या वादापेक्षा हे माप खात्रीचे असते, कारण एका कंपनीचा आठ दुसऱ्या कंपनीच्या साडेसातासारखा निघतो. दोन्ही पायांचे माप घ्यावे आणि मोठ्या पायाप्रमाणे बूट घ्यावा. माझा डावा पाय उजव्यापेक्षा चार मिलिमीटर लांब आहे, हे मला चव्वेचाळिसाव्या वर्षी कळले.

सात रस्त्याजवळच्या एका दुकानात माझ्या हातात बूट पिळलेला पाहून पोरगा म्हणाला, “काका, तोडता का काय?” मी म्हणालो, “बाळा, तुटणारा असेल तर आत्ताच कळू दे की.” त्यानंतर त्याने आतून तीन जोड काढून दिले, आणि त्यातला तिसरा मी घेतला. जाळीदार कापडाचा, लेस असलेला, टाचेची भिंत घट्ट असलेला साधा चालण्याचा बूट होता, आणि तो दुकानातला सर्वांत महाग नव्हता. जाळी मुद्दाम घेतली, कारण एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि बंद चामडी बुटात पाय अक्षरशः शिजतो. लेसही मुद्दाम घेतली. नुसता पाय सरकवून घालायच्या बुटात इनसोल घातला की टाच वर येते आणि चालताना निसटते.

५. इनसोल: कोणता, कसा, आणि मापाने बनवून घ्यावा का

बाजारात मुख्यतः तीन प्रकार दिसतात. नुसता टाचेखाली बसणारा सिलिकॉनचा कप, पूर्ण लांबीची मऊ जेलची पट्टी, आणि कमानीखाली उंचवटा असलेला, तळाला घट्ट व वर पातळ मऊ थर असलेला तयार इनसोल.

जेलची पट्टी आपल्या कामाची नाही. ती सपाट असते, कमानीला काहीच देत नाही आणि जड असते. आमच्या दुकानातल्या एका सहकाऱ्याने ऑनलाइन मागवलेली जेलची पट्टी उन्हाळ्यात बुटात सरकून पुढे गोळा झाली आणि त्याच्या बोटांना फोड आले.

सिलिकॉनचा कप स्वस्त असतो आणि टाचेच्या बरोबर मध्यभागी, हाड टेकल्यासारखे दुखणाऱ्यांना तो खरोखर उपयोगी पडतो. मात्र एक सापळा लक्षात ठेवावा. एकच टाच दुखत असली तरी कप दोन्ही बुटांत घालायचे. मी महिनाभर फक्त उजव्या बुटात कप घातला. त्यामुळे उजवा पाय उंच झाला आणि कंबर धरली. शिवाय कपामुळे टाच जेवढी वर येते तेवढी ती बुटाच्या भिंतीतून बाहेर येते, म्हणून लेस सर्वांत वरच्या भोकापर्यंत ओवून बांधावी लागते.

तिसरा प्रकार, म्हणजे कमानीला उंचवटा असलेला घट्ट इनसोल, उभ्याच्या कामासाठी मला सर्वांत योग्य वाटतो. तो निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. कमानीचा उंचवटा अंगठ्याने जोर देऊन दाबावा. तो थोडा दबून परत वर आला पाहिजे. पूर्ण सपाट झाला तर आपल्या अंगाच्या वजनाखाली तो पहिल्याच दिवशी झोपणार. टाचेची जागा वाटीसारखी खोलगट असावी, म्हणजे टाच तिच्यात बसते. आणि उंचवट्याची जागा आपल्या कमानीच्या जागेशी जुळली पाहिजे. हे पाहण्यासाठी इनसोल फरशीवर ठेवून त्याच्यावर उभे राहावे आणि उंचवट्याचा सर्वांत वरचा भाग आपल्या कमानीच्या मध्यावर येतो का ते जाणवून घ्यावे. तो टाचेकडे सरकलेला असेल तर पट्ट्याच्या दुखऱ्या जागेवरच दाब येतो आणि दुखणे वाढते. हलका, सगळीकडे सारखा स्पर्श जाणवणे योग्य आहे. खडा रुतल्यासारखे वाटत असेल तर तो इनसोल तुमच्या पायाचा नाही. ठशात मधला भाग भरलेला असणाऱ्यांनी एकदम उंच कमानीचा इनसोल घेऊ नये, मध्यम घ्यावा, कारण बसलेल्या कमानीला एका दिवसात वर उचलता येत नाही.

इनसोल बुटात घालताना आतली मूळ गादी काढून टाकावी. दोन्ही एकावर एक ठेवले की पाय वर येतो, बुटाची पकड सुटते आणि इनसोलखालची मऊ गादी आधारही गिळून टाकते. इनसोल पुढून लांब असेल तर मूळ गादी त्याच्यावर ठेवून पेनने रेघ ओढावी आणि फक्त बोटांकडची बाजू कात्रीने थोडी थोडी कापावी. टाचेकडून कापला तर उंचवट्याची जागाच चुकते.

मापाने इनसोल बनवून घ्यावा का, हा प्रश्न मला सगळे विचारतात, कारण त्याचा खर्च तयार इनसोलच्या कित्येक पट असतो. १९९९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सगळ्या रुग्णांना पोटरी आणि तळवा ताणण्याचे व्यायाम दिले होते. त्यांतल्या काहींना तयार इनसोल किंवा टाचेचे कप दिले आणि काहींना मापाने बनवलेले. आठ आठवड्यांनी तयारवाले मापवाल्यांपेक्षा मागे तर नव्हतेच, उलट पुढे होते. म्हणून सुरुवात तयार इनसोलने करावी असे माझे मत आहे. पायाचा आकार खूपच वेगळा असेल, दोन्ही पायांत मोठा फरक असेल किंवा दोन-तीन महिने नीट वापरूनही फरक पडला नसेल, तर मापाचा विचार फिजिओथेरपिस्टशी बोलून करावा.

खरेदीआधी खात्री करून घेण्याची एक युक्ती मला फिजिओथेरपिस्ट बाईंनी दाखवली. त्यांनी माझ्या तळपायाला कमान उचलून धरणारी चिकटपट्टी बांधली आणि तीन दिवस नेहमीसारखे काम करायला सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीपर्यंत जाताना मला भिंत धरावी लागली नाही. “म्हणजे तुमच्या कमानीला आधार पाहिजे, नुसती गादी नको,” असे त्या म्हणाल्या. चिकटपट्टी हा कायमचा उपाय नव्हे, ती काही दिवसांत सैल होते आणि घामाने त्वचा खाजते, पण तिने बरे वाटले तर आधाराच्या इनसोलवर पैसे घालायला हरकत नाही. ती पहिल्यांदा तरी जाणकाराकडूनच बांधून घ्यावी.

६. दुकानात पायताण चालत नसेल तर

हा प्रश्न बाहेरच्या लोकांना कळत नाही, पण पेठेत काम करणाऱ्यांना लगेच समजेल. आमच्याकडे माल गादीवर पसरून दाखवतात आणि रस्त्याचे पायताण आत येऊ देत नाहीत. त्यामुळे मी एकोणीसपैकी सतरा वर्षे शहाबादीवर अनवाणी उभा होतो, आणि चांगला बूट घेतला तरी तो दिवसभर दाराबाहेरच्या फळीवरच राहणार होता.

मी मालकांना सरळ विचारले, “मालक, दुकानातच ठेवायचा एक जोड घेऊ का? बाहेर एक पाऊलसुद्धा टाकणार नाही त्याने.” ते आधी गप्प बसले. मग म्हणाले, “गादीवर चढायचं नाही. काउंटरमागं चालेल.” तेवढेच मला हवे होते. नवा जोड घरून पिशवीतून आणला, त्याचा सोल रस्त्याला लागलेला नाही हे त्यांना दाखवले आणि तो काउंटरखाली ठेवला. आता आमच्यापैकी आणखी दोघांचे जोड तिथे आहेत.

परवानगी मिळालीच नाही तर घट्ट मोज्यासारखी, कमानीखाली शिवलेला आधार असलेली पट्टी मिळते, ती अनवाणी पायावर घालता येते. तिचा आधार बुटातल्या इनसोलएवढा नसतो. काउंटरमागे दाट रबराची चटई टाकणे चादरीपेक्षा पुष्कळ बरे, पण तिची कड उचललेली राहिली की ठेच लागते.

घरातही अनवाणी फिरू नये. पलंगाशेजारी कमानीला आधार असलेली चप्पल ठेवावी आणि सकाळचे पहिले पाऊल तिच्यातच टाकावे. औषधांच्या दुकानात मिळणारी एमसीआर चप्पल बरेच जण घेतात. तिचे सच्छिद्र रबर चांगले मऊ असते आणि बधिर पायांना जपण्यासाठी ती उत्तम, पण साधी एमसीआर चप्पल सपाट असते. घ्यायचीच तर कमानीचा उंचवटा असलेली मागावी.

७. पहिले पंधरा दिवस

नवा इनसोल पहिल्याच दिवशी दहा तास घालणे ही माझी तिसरी चूक. दुसऱ्या दिवशी टाच शांत होती, पण कमान आणि गुडघा दोन्ही दुखत होते, आणि इनसोल चुकीचा आहे असे समजून मी तो जवळजवळ फेकून देणार होतो. नंतर पुन्हा सुरुवात केली ती पहिल्या दिवशी एक तास आणि पुढे रोज एक तास वाढवत. बाकी वेळ जुने पायताण. दहा-बारा दिवसांत पूर्ण वेळ जमला.

या काळात कमानीला थोडे अवघडल्यासारखे होणे साहजिक आहे. पण कातडीवर लाल डाग उठून अर्ध्या तासात गेला नाही, बोटे बधिर झाली किंवा टाचेची कळ दोन आठवड्यांनंतरही वाढतच राहिली, तर इनसोल बदलावा.

अंदाजाने ‘बरे वाटते’ म्हणू नये, लिहून ठेवावे. मी दुकानाच्या जुन्या बिलबुकाच्या मागे रोज दोन आकडे लिहीत होतो: सकाळच्या पहिल्या पावलाची कळ दहापैकी किती आणि रात्री शटर ओढताना किती. सुरुवातीला ते आठ आणि सात होते. दोन आठवड्यांनी सात आणि पाच. म्हणजे संध्याकाळ आधी सुधारली, सकाळ मागे राहिली, आणि लिहून ठेवले नसते तर सकाळच्या कळेमुळे मी सगळेच वाया गेले असे समजलो असतो. सहाव्या आठवड्यात चार आणि तीन. मग गड्ड्याची यात्रा आली. मुलांबरोबर तीन संध्याकाळी जुन्या चपलेवर फिरलो आणि आकडा परत सहावर गेला. तो उतरायला दोन आठवडे लागले. चौथ्या महिन्याच्या शेवटी दोन आणि एक होते.

एवढे मात्र खरे की हा आकडा बुटांनी एकट्याने उतरवलेला नाही. पलंगावरून उतरण्याआधी पाय मांडीवर घेऊन बोटे मागे ओढायची, दहा मोजेपर्यंत धरायची, असे दहा वेळा, आणि दिवसातून तीनदा, हे मी चुकवले नाही. बूट पट्ट्यावरचा ताण कमी करतो, पण आखडलेली पोटरी तो सैल करत नाही. बहुतेकांचे हे दुखणे अशा साध्या उपायांनी वर्षभरात जाते, पण ते आठवड्यात जात नाही.

८. बदलायची वेळ ओळखणे

उभ्याच्या कामात बूट वरून फाटण्याच्या कितीतरी आधी आतून मरतो. दर महिन्याला बूट टेबलावर ठेवून डोळ्यांच्या रेषेत मागून पाहावा. टाच एका बाजूला कललेली दिसली किंवा सोलच्या कडेला, टाचेच्या वर, आडव्या सुरकुत्या पडून त्या वजन नसतानाही तशाच राहिल्या, तर त्याचा फोम बसला आहे. झिजलेला सोल आमच्या कोपऱ्यावरचे मोची छान बदलून देतात, पण बसलेला फोम त्यांना बदलता येत नाही, त्यामुळे वरून नवा सोल ठोकलेला जुना बूट फसवा असतो. इनसोलचे तसेच. उंचवटा अंगठ्याने दाबल्यावर परत वर येत नसेल तर त्याचे काम संपले. माझा बूट नऊ महिने आणि इनसोल साधारण तेवढाच टिकला. शक्य असेल तर दोन जोड आलटून पालटून वापरावेत, आणि रात्री इनसोल बाहेर काढून वाळू द्यावा, पण उन्हात किंवा गच्चीवर नको, आपल्या उन्हात तो वाकडा होतो.

बूट घेतल्याची तारीख जिभेच्या आतल्या बाजूला पेनने लिहून ठेवावी. ‘आत्ताच तर घेतले’ असे आपण दोन वर्षे म्हणत राहतो.